डेडलिफ्टच्या आदल्या दिवशीचं रोइंग

सोमवारी स्क्वॉट, मंगळवारी बेंच, गुरुवारी डेडलिफ्ट, शनिवारी ओव्हरहेड प्रेस. वय पस्तीस, वजन 90 किलो. स्क्वॉट 170, बेंच 115, डेडलिफ्ट 210. ताकद चांगली आहे, पण दम नाही. स्क्वॉटचा पाच रेपचा सेट झाला की सात मिनिटं बाकावर बसून काढावी लागतात, आणि चौथ्या सेटला पायांच्या आधी छाती हार मानते. म्हणून त्याने कोपऱ्यातलं रोइंग मशीन धरलं. बुधवार मोकळाच होता. डॅम्पर 10 वर, 500 मीटरचे पाच तुकडे, प्रत्येक तुकडा जीव खाऊन, मध्ये एक मिनिट विश्रांती. तीन आठवड्यांत गुरुवारचा बार जमिनीवरून सुटेनासा झाला. कंबर सकाळी उठतानाच धरलेली असायची. मग नेहमीचा निष्कर्ष निघाला: कार्डिओ ताकद खातं.

हा लिफ्टर कुणी एक ठरावीक माणूस नाही. रोइंगकडे वळणाऱ्या लिफ्टरांत ज्या चुका पुन्हापुन्हा दिसतात, त्या एकाच्या आठवड्यात एकत्र मांडल्या आहेत आणि आकडे त्यानुसार नमुन्यादाखल घेतले आहेत. निष्कर्ष मात्र तपासण्यासारखा आहे, कारण तो अर्धाच खरा आहे. रोइंगने त्याचा डेडलिफ्ट बिघडला हे खरं. पण तो दम वाढवण्याच्या कामामुळे बिघडला नाही. बुधवारी जे चालत होतं त्याला दम वाढवणं म्हणताच येत नाही.

बुधवारचे पाच तुकडे

स्क्रीनवर दर तुकड्याचा स्प्लिट, म्हणजे 500 मीटरला लागलेला वेळ, असा होता: 1:42, 1:50, 1:58, 2:06, 2:09. पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात सत्तावीस सेकंदांचा फरक. वाचताना तो फार वाटत नाही आणि इथेच फसगत होते, कारण या मशीनवर लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. कन्सेप्ट-टू कंपनीच्या मशीनचं सूत्र असं आहे, यात `p` म्हणजे एका मीटरला लागलेले सेकंद:

```
W = 2.80 / p^3
```

1:42 म्हणजे मीटरला 0.204 सेकंद, त्याचे 330 वॅट होतात. 2:09 चे होतात 163. म्हणजे पाचवा तुकडा पहिल्याच्या निम्म्या ताकदीने झाला. पाच सेट 150 किलोने करायचे ठरवून शेवटचा 75 ने केला, तर वहीत त्याची नोंद करायलाही लाज वाटेल. मशीनवर मात्र माणूस घामाने निथळलेला असतो, त्यामुळे सगळं जमून आल्यासारखं वाटतं.

पाचही तुकडे मिळून पावणेदहा मिनिटं. स्ट्रोक रेट मिनिटाला 34. म्हणजे सुमारे 330 ओढी, त्यातल्या निम्म्याअधिक थकलेल्या अवस्थेत, गोल झालेल्या पाठीने आणि सर्वांत जड डॅम्परवर. चोवीस तासांनी तीच कंबर, त्याच खुब्यांच्या सांध्यातून, 190 किलो उचलायला बोलावली जाते.

इथे सोपा उपाय दिसतो तो वार बदलण्याचा. पण नुसता वार बदलला तर कंबर गुरुवारऐवजी सोमवारी धरेल. आधी डॅम्पर, मग स्ट्रोक, मग इंटरव्हल, आणि वार सगळ्यांत शेवटी, या क्रमाने गेलं तर काम एकदाच करावं लागतं.

डॅम्पर म्हणजे प्लेट नव्हे

फ्लायव्हीलच्या पिंजऱ्याच्या बाजूला जी दांडी 1 ते 10 वर सरकते, ती फक्त आत किती हवा शिरेल ते ठरवते. 10 वर हवा जास्त, त्यामुळे दोन ओढींच्या मध्ये चाक लवकर मंदावतं आणि पुढची ओढ जवळजवळ थांबलेल्या चाकावर सुरू होते. 4 वर चाक फिरतं राहतं आणि ते पकडायला पाय पटकन लागतात. लिफ्टरला पहिला अनुभव ओळखीचा वाटतो, जड बार जमिनीवरून सोडवल्यासारखा, म्हणून त्याचा हात आपसूक 10 कडे जातो. पण मॉनिटर दर स्ट्रोकनंतर चाक किती वेगाने मंदावतंय हे मोजतो आणि त्यावरूनच वॅट काढतो. त्यामुळे 10 वर ओढल्याचं वेगळं बक्षीस मिळत नाही. मिळतो तो फक्त ओढीच्या सुरुवातीला कमरेवर येणारा जास्तीचा भार.

दांडीवरच्या आकड्यावर विसंबूनही चालत नाही. पिंजऱ्याच्या जाळीत धूळ, केस आणि टॉवेलचे तंतू बसतात, आणि रस्त्याकडेच्या जिममध्ये तर दोन-तीन महिन्यांत जाळीचा रंगच बदलतो. अशा मशीनचा 6 हा स्वच्छ मशीनच्या 4 इतका हलका असू शकतो. म्हणून बघायचा तो ड्रॅग फॅक्टर, म्हणजे हवा चाकाला प्रत्यक्षात किती अडवते त्याचा आकडा. कन्सेप्ट-टूच्या पीएम-फाइव्ह मॉनिटरवर `More Options` मध्ये `Display Drag Factor` निवडायचं आणि आठ-दहा स्ट्रोक मारायचे, आकडा समोर येतो. आपल्या माणसाचा डॅम्पर 10 वरचा आकडा दोनशेच्या घरात होता. तो 115 ते 125 मध्ये आणायचा, मग दांडी 4 वर थांबो नाहीतर 5 वर. स्पर्धेत उतरणारे रोअरसुद्धा साधारण 110 ते 130 मध्येच बसतात, आणि त्यांना ताकद कमी म्हणून नव्हे. पुण्यात मुळेच्या काठावर सीओईपीची रेगाटा ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल: दोन वल्ह्यांच्या मध्ये होडी पाण्यावर सरकत राहते, थांबत नाही. हलका ड्रॅग त्या सरकत्या होडीच्या जवळचा आहे. डॅम्पर 10 म्हणजे वाळूने भरलेला पडाव ओढणं.

पहिल्या दिवशी तक्रार ठरलेली असते: “सर, हाताला काही लागतच नाहीये.” लागत नाही, कारण पाय हळू ढकलतायत आणि चाक त्यांच्या पुढे पळतंय. या मशीनवर वजन आधीच लावून ठेवलेलं नसतं, आपण जितक्या झटक्याने ढकलू तितकं ते तयार होतं. ही गोष्ट लिफ्टरच्या अंगवळणी पडायला आठवडाभर तरी जातो.

स्ट्रोक: सीट आणि हँडल एकत्र सुटतात की नाही

फोन बाजूला, सीटच्या उंचीवर ठेवून एक मिनिटाचं शूटिंग करायचं आणि एकच जागा पाहायची: ओढ सुरू होते ती. आपल्या माणसाच्या शूटिंगमध्ये सीट एक वीतभर मागे गेली तरी हँडल जागच्या जागी आहे. खुबे मागे पळाले, खांदे तिथेच राहिले, पाठ जवळजवळ आडवी झाली आणि मग सगळी ओढ कमरेने उचलली. डेडलिफ्टमध्ये बार सुटण्याआधी ढुंगण वर जातं, तीच चूक इथे आडवी होऊन आलेली आहे. त्यामुळे ती समजावायला लिफ्टरला वेगळी भाषा लागत नाही. जड डॅम्परवर ही चूक वाढते, कारण पाय ढकलतात तेव्हा चाक हलत नाही आणि शरीर पळवाट शोधतं.

मॉनिटरवरही ती दिसते. `Change Display` बटण दाबत गेलं की फोर्स कर्व्ह, म्हणजे एका ओढीतल्या जोराचा आलेख, येतो. बरोबर ओढीत एकच टेकडी दिसते, चढ थोडा उभा आणि उतार लांब. चुकलेल्या ओढीत सुरुवातीला एक छोटा उंचवटा, मग खाच, मग दुसरा उंचवटा असतो. त्या खाचेत पायांची ताकद वाया गेलेली असते आणि दुसरा उंचवटा कमरेचा असतो.

दुरुस्ती बसण्यापासून सुरू होते. स्ट्रॅप चवड्याच्या सर्वांत रुंद भागावरून जायला हवा. मांड्या आणि पोट जाड असलेल्या माणसाला पुढे येताना जागा पुरत नाही, म्हणून पावलांची पाटी एक-दोन भोकं खाली घ्यायची. पावलं जितकी खाली, तितकं पाठ न वाकवता पुढे येणं सोपं. स्क्वॉटचे उंच टाचेचे बूट काढून सपाट तळाचे घालायचे. बेल्ट नको.

आता पुढची स्थिती, जिला रोअर कॅच म्हणतात. नडग्या उभ्या, त्यापुढे नाहीत. टाच थोडी उचलली तर हरकत नाही. हात सरळ, खांदे खुब्यांच्या पुढे, आणि धड खुब्यातून पुढे झुकलेलं, घड्याळात अकराच्या काट्याइतकं. इथे आणखी चार बोटं पुढे जाण्याचा मोह होतो, कारण लांब ओढ म्हणजे जास्त मीटर असं वाटतं. ती चार बोटं खुब्यातून मिळत नाहीत, कमरेचे मणके गोल होऊनच मिळतात, आणि पुढचा झटका त्याच गोल मणक्यांवर बसतो. आखूड ओढ परवडते, ही परवडत नाही.

ओढ पायांनी सुरू होते. लेगप्रेसची पाटी ढकलावी तसं पाय ढकलायचे, हात दोरीसारखे ताणलेले, आणि धडाचा कोन पहिल्या अर्ध्या अंतरात बदलू द्यायचा नाही. हँडल गुडघ्यांवरून पुढे आलं की धड उघडायचं, एकच्या काट्यापर्यंत. त्याच्याही मागे आडवं पडण्यात काही मिळत नाही, परत येताना पोट मात्र थकतं. सगळ्यांत शेवटी हात, हँडल छातीच्या खालच्या कडेला. पकड आकड्यासारखी, बोटांवर लटकवलेली. बार आवळावा तसं हँडल आवळलं तर पंधरा मिनिटांत मनगटाच्या वरचा स्नायू दगड होतो आणि गुरुवारी पट्टे लावून डेडलिफ्ट करावा लागतो.

परत जाताना क्रम उलटा: हात, धड, मग गुडघे. हँडल गुडघ्यांच्या पुढे गेल्याशिवाय गुडघे वाकवायचे नाहीत. वाकवले तर हँडल त्यांच्यावरून उडी मारतं आणि साखळी वरखाली होताना दिसते. परतीला ओढीच्या दुप्पट वेळ द्यायचा. ओढ एक, परत एक-दोन. लिफ्टरला इथे घाई होते, कारण परतीचा वेळ त्याला फुकट गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात श्वास भरून घ्यायची जागा तीच आहे.

श्वासाची सवय तर मुळापासून बदलावी लागते. जड रेपला श्वास भरून पोट कडक करून धरायची सवय असते आणि माणूस प्रत्येक ओढीला तेच करतो. दोन मिनिटांत डोकं जड होतं, चेहरा लाल होतो. इथे ओढताना श्वास सोडायचा आणि परतताना घ्यायचा. पोट हलकं ताणलेलं राहू दे, पण श्वास अडकवायचा नाही.

पहिले दोन आठवडे एवढंच काम. दर वेळी आधी दहा ओढी फक्त पायांनी, धड पुढे झुकलेलं आणि हात सरळ ठेवून. मग दहा ओढी पाय आणि धडाने. मग दहा पूर्ण. त्यानंतर सहा मिनिटांचे तीन तुकडे, रेट 18, मध्ये दोन मिनिटं उठून चालायचं. शेवटच्या तुकड्यात स्ट्रॅप सोडून द्यायचे. स्ट्रॅप नसताना ओढीच्या शेवटी पाय पाटीवरून सुटत असतील, तर धड फार मागे जातंय किंवा परतताना पायाच्या पंजांनी स्वतःला खेचून आणलं जातंय. इतका स्वस्त आणि इतका प्रामाणिक परीक्षक जिममध्ये दुसरा नाही.

संथ काम, आणि एक मिनिटाचे तुकडे

सेटच्या मध्ये सात मिनिटं बसावं लागणं हे मुख्यतः प्राणवायूवर चालणाऱ्या यंत्रणेचं दुबळेपण आहे. जड सेटमध्ये खर्च झालेला साठा स्नायूत परत भरण्याचं काम हीच यंत्रणा करते. ती वाढते लांब आणि संथ कामाने. जीव खाऊन केलेल्या तुकड्यांनी दमछाक भरपूर होते, पण या यंत्रणेच्या वाट्याला काम येतं ते फक्त पावणेदहा मिनिटांचं आणि थकवा मात्र सगळा शिल्लक राहतो.

म्हणून आठवड्यातली दोन सत्रं संथ. आपल्या माणसासाठी रेट 18 ते 20 आणि स्प्लिट 2:25 ते 2:30, म्हणजे 104 ते 115 वॅट. 2:30 ने पंचवीस मिनिटं ओढलं की बरोबर 5000 मीटर होतात, लक्षात ठेवायला सोपं. वेग बरोबर आहे की नाही ते बोलून पाहायचं: फोनवर बोलावं तसं एक पूर्ण वाक्य मध्ये न थांबता बोलता आलं पाहिजे. आठव्या-नवव्या मिनिटाला कंटाळा येतो, शेजारच्या मशीनवर कुणीतरी बसतं, आणि स्प्लिट 2:10 वर जातो. 2:10 म्हणजे 159 वॅट, ठरवलेल्या कामाच्या दीडपट. ते संथ राहत नाही आणि इंटरव्हलइतकं तीव्रही होत नाही. त्याचा थकवा दुसऱ्या दिवशीच्या बारवर दिसतो. 2:25 च्या खाली गेलं की हात ढिला करायचा, एवढाच नियम.

तिसरं सत्र इंटरव्हलचं. एक मिनिट ओढ, दोन मिनिटं अगदी हलकं ओढत विश्रांती. स्प्लिट 1:58 ते 2:00, रेट 26 ते 28. तिसऱ्या आठवड्यात पाच तुकड्यांपासून सुरुवात आणि दर आठवड्याला एक वाढवत सहाव्यात आठ. मॉनिटरवर `Select Workout`, `New Workout`, `Intervals: Time` असं जाऊन एकदा बसवून ठेवलं की घड्याळाकडे बघावं लागत नाही.

यात थांबण्याचा नियम आकड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. एखादा तुकडा पहिल्या तुकड्यापेक्षा दोन सेकंदांहून जास्त हळू झाला, की त्या दिवसाचं काम संपलं, मग ठरवलेले आठ असोत आणि झालेले पाच. 2:00 चा 2:02 होणं म्हणजे 203 वॅटचे 193, एवढं चालतं. 2:05 झाला तर 179 उरतात, आणि तो फरक पाय भरून आल्याचा असतो. तिथून पुढे ओढ पुन्हा कमरेकडे सरकते, फोर्स कर्व्हमधली खाच परत दिसायला लागते. पहिला तुकडा जरा राखून मारला तर शेवटचा बहुधा जमतो. बुधवारच्या 1:42 ने नेमकं उलट केलं होतं.

सातव्या आठवड्यापासून एक मिनिटाच्या जागी तीन मिनिटांचे चार तुकडे, 2:05 ते 2:07 ने, मध्ये दोन मिनिटं. पंधरा-वीस सेकंदांच्या पूर्ण ताकदीच्या तुकड्यांचं आकर्षण लिफ्टरांना असतं, कारण ते सेटसारखे वाटतात. पण स्फोटक जोर त्याच्याकडे आहेच आणि तो बारवर रोज वापरलाही जातो. मशीनवर उणीव भरायची आहे ती दुसऱ्या टोकाची, म्हणून या योजनेत त्यांना जागा दिलेली नाही.

आठवड्यात कुठे बसवायचं

इंटरव्हल सोमवारी, स्क्वॉट झाल्यावर. पाय त्या दिवशी थकणारच आहेत, मग दोन्ही कठीण कामं एकाच दिवशी उरकावीत म्हणजे बाकीचे दिवस खरोखर हलके राहतात. क्रम मात्र बदलायचा नाही: आधी बार, मग मशीन. मंगळवारी बेंचनंतर संथ वीस मिनिटं. शनिवारी प्रेसनंतर संथ पंचवीस, कारण रविवार मोकळा आहे. बुधवार पूर्ण रिकामा. गुरुवारी डेडलिफ्टनंतर मशीनला हातही लावायचा नाही. थकलेल्या कमरेने कॅचची स्थिती सांभाळता येत नाही आणि दोन आठवड्यांत बसवलेला क्रम एका संध्याकाळीत विस्कटतो. डेडलिफ्टनंतर काही करायचंच असेल तर सायकल.

ताकद आणि दम एकत्र वाढवताना एकाचं दुसऱ्याला नडतं, हे खोटं नाही. रॉबर्ट हिक्सन यांनी 1980 साली प्रसिद्ध केलेल्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात दोन्ही करणाऱ्या गटाची ताकद सुरुवातीला नुसती ताकद करणाऱ्यांइतकीच वाढली आणि शेवटच्या आठवड्यांत अडखळून उतरली. पण त्या गटाने आठवड्याला पाच दिवस वजनं आणि सहा दिवस धावणं-सायकल असं केलं होतं. इथे तीन सत्रं आहेत, तीही मिळून तास-सव्वातासाची, आणि त्यातलं एकच तीव्र. त्या प्रयोगाच्या नावाने या मशीनला घाबरण्याचं कारण नाही. कारण द्यायचंच असेल तर जेवणाचं देता येईल. या तीन सत्रांचा खर्च भरून निघाला नाही तर बार खरोखरच जड वाटेल, आणि दोष पुन्हा मशीनला जाईल.

चौथ्या आठवड्यातली अडचण

सगळं बरोबर बसवूनही चौथ्या आठवड्यात, शनिवारच्या पंचवीस मिनिटांनंतर, कंबर पुन्हा भरून येते. या टप्प्यावर बहुतेक जण सोडून देतात, म्हणून जरा थांबून पाहायला हवं.

शूटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांचा स्ट्रोक स्वच्छ आहे. अठराव्या मिनिटाचा नाही. खुबे मागे पळत नाहीयेत, क्रमही बरोबर आहे, पण परतताना धड खुब्यातून झुकण्याऐवजी कमरेतून वाकतंय आणि पुढच्या स्थितीत पाठीचा खालचा भाग गोल होतोय. हिशेब साधा आहे. पंचवीस मिनिटं, रेट 19, म्हणजे 475 ओढी. बुधवारच्या 330 पेक्षा जास्त. प्रत्येक ओढीतलं काम तेव्हाच्या पहिल्या तुकड्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त आहे, पण कमरेच्या स्नायूंना एवढा वेळ सलग धरून ठेवायची सवय नाही. पाच रेप जोरात धरणारी पाठ पाचशे वेळा हलकं धरू शकेलच असं नाही.

उपाय वेळ कमी करण्याचा नाही, सलगपणा तोडण्याचा आहे. पंचवीसऐवजी आठ मिनिटांचे तीन तुकडे. मध्ये एक मिनिट मशीनवरून उठायचं, सरळ उभं राहून खुबे पुढे ढकलत पाठ थोडी मागे न्यायची, पाचेक वेळा. दम वाढवण्याच्या दृष्टीने त्या एका मिनिटाने काही बिघडत नाही. दोन आठवड्यांनी दहाचे दोन आणि पाचचा एक, मग साडेबाराचे दोन. तीस मिनिटांच्या पुढे सलग बसण्याची लिफ्टरला गरज नाही. लांब सलग सत्रांमध्ये कंबर दुखण्याचं प्रमाण खुद्द रोअरांमध्येही जास्त दिसतं.

भरून आलेली पाठ आणि दुखावलेली पाठ यांत फरक करायला हवा. दोन्ही बाजूंना सारखी, स्नायूत, दुसऱ्या दिवशी चाललं की मोकळी होणारी जडता स्ट्रोक आणि वेळ दुरुस्त केल्यावर जाते. एका बाजूला खोल टोचणारी, खोकताना वाढणारी किंवा मांडीतून पोटरीत उतरणारी कळ असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर मशीन बंद आणि डॉक्टर. तिथे तंत्राची चर्चा करत बसू नये. छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तरी तेच.

वहीत काय पाहायचं

आठ आठवड्यांनी 2 किलोमीटरची चाचणी घेऊन छाती ठोकण्यात अर्थ नाही. त्या चाचणीची तयारी केलेली नाही आणि ती लिफ्टरचा अख्खा आठवडा खाते. दोन नोंदी पुरतात. पहिली मशीनवरची: त्याच ड्रॅग फॅक्टरवर, रेट 20 ने, एक वाक्य सहज बोलता येईल अशा वेगाने बारा मिनिटं, आणि किती मीटर झाले. 2:30 ने 2400 मीटर होतात, 2:24 ने बरोबर 2500. तेवढीच मेहनत घेऊन शंभर मीटर वाढले तर काम होतंय. दुसरी नोंद बारवरची आणि खरी: स्क्वॉटच्या त्याच वजनाच्या पाच सेटना मधली विश्रांती किती लागली. सातावरून पाच-साडेपाच मिनिटांवर आली आणि पाचवा सेट तितकाच स्वच्छ झाला, तर हेच हवं होतं. विश्रांती कमी झाली पण शेवटच्या सेटचा वेग पडला, तर इंटरव्हलचे तुकडे कमी करायचे. डेडलिफ्ट जमिनीवरून अडायला लागला तर आधी मंगळवारचं संथ सत्र तपासायचं. बहुतेक वेळा ते संथ राहिलेलं नसतं.

घरचं मशीन मॅग्नेटिक किंवा पाण्याचं असेल तर वरचे स्प्लिट आणि वॅट तसेच्या तसे लावता येत नाहीत. प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा असतो आणि बऱ्याच स्वस्त मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर नसतो. तिथे बोलण्याची कसोटी आणि स्ट्रोक रेट धरून चालायचं, आणि तुलना फक्त त्याच मशीनच्या जुन्या आकड्यांशी करायची.

पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा जवळ आली तर दहा दिवस आधी इंटरव्हल बंद. संथ सत्रं दहा-पंधरा मिनिटांची, शेवटचं स्पर्धेच्या चार दिवस आधी. स्पर्धा झाल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा रेट 18 आणि सहा मिनिटांचे तीन तुकडे, शेवटचा स्ट्रॅप सोडून. बसण्याआधी ड्रॅग फॅक्टर पुन्हा बघायचा. मधल्या काळात कुणीतरी दांडी 10 वर नेऊन ठेवलेलीच असते.